आठ महिने ग्रुपवर आणि मीटिंगला: गिऱ्हाइकं मिळाली, पण ज्यांना उत्तरं दिली ती नव्हेत

सांगलीत विश्रामबागला घरातूनच माझं काम चालतं. अडत दुकानं, कोल्ड स्टोअरेज आणि कुपवाडच्या छोट्या कारखान्यांचे स्टॉकचे हिशेब मी एक्सेल आणि टॅलीत बसवून देते. आधी नोकरी होती, ती सुटली तेव्हा हातात दोनच गिऱ्हाइकं होती आणि दोन्ही नात्यातली. मग व्यापाऱ्यांच्या तीन व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरले आणि महिन्यातून एकदा रविवारी संध्याकाळी चहावर जमणाऱ्या इथल्या एका गटात जायला लागले. त्याला आता आठ महिने झाले. कुणी हाच रस्ता धरायच्या विचारात असेल तर माझा अनुभव वाचून ठरवा.

सुरुवात मी चुकीचीच केली. पहिल्या आठवड्यात तिन्ही ग्रुपवर माझं दरपत्रक टाकलं, लोगो वगैरे लावून, सकाळी नऊला. दोन अंगठे आले आणि एक हात जोडलेला. दुपारी एका ॲडमिननं वेगळा मेसेज केला, “ताई, राग मानू नका, पण ग्रुपवर जाहिरात नको. उद्या सगळेच टाकतील.” चहाच्या पहिल्या बैठकीतही तसंच. तीसेक जण होते, मी सगळ्यांना कार्ड वाटली आणि आठवडाभर फोनकडे बघत बसले. एकही आला नाही. घरी येऊन पर्स रिकामी केली तेव्हा माझ्याकडेही अकरा जणांची कार्डं निघाली. त्यातला एकाचाही चेहरा आठवेना, तेव्हा त्यांना माझा का आठवावा?

महिनाभर मग मी ग्रुपवर फक्त वाचत राहिले. लोक कशानं वैतागतात, कोण कुणाचं ऐकतं, कुठला प्रश्न दर आठवड्याला येतो. सौद्याच्या दिवशी दुपारपर्यंत कुणी काही वाचत नाही हेही तेव्हाच कळलं. खरी चर्चा रात्री साडेनऊनंतर, दुकानं बंद करून जेवणं झाल्यावर.

अशाच एका रात्री बेदाण्याच्या एका अडत्यानं विचारलं. कोल्डमध्ये बॉक्स २३० आहेत, टॅली मात्र २४१ दाखवतेय. अकरा बॉक्स गेले कुठे? ग्रुपवर लगेच सुरू झालं: “हमाल बघा”, “कोल्डवाल्याला धरा”, “कॅमेरा बसवा”. मी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, “शेठ, आवक टॅलीत कशी टाकता? बॉक्सवर की किलोवर?”

“किलोवर. बॉक्स गुणिले पंधरा.”

“आणि विक्री?”

“काट्यावर येईल ती. खोकं वजा करून.”

गोम इथेच होती. आवक ६४० बॉक्सची, म्हणजे टॅलीत ९,६०० किलो. त्यातले ४१० बॉक्स विकले गेले, पण बिलं झाली निव्वळ वजनावर. खोक्याचं वजन आणि नमुन्याला काढलेला माल धरून बॉक्समागे सरासरी १४ किलो ६०० ग्रॅमच बिलात आले. ४१० बॉक्सचे झाले ५,९८६ किलो. ९,६०० मधून ते वजा केले की ३,६१४ उरतात, आणि त्याला पंधरानं भागलं की आले टॅलीचे २४१ बॉक्स. बॉक्समागे ४०० ग्रॅमचा फरक, ४१० बॉक्सवर १६४ किलो. चोरी झालेलीच नव्हती, आवक एका मापानं आणि जावक दुसऱ्या मापानं चालली होती.

हे सगळं मी ग्रुपवरच लिहिलं, अगदी आकड्यांसकट. पुढचा उपायही तिथेच सांगितला: मालाचं मूळ माप बॉक्स ठेवा, किलो टॅलीतल्या Alternate Units मध्ये घ्या, म्हणजे दोन्ही दिसतात. आतापर्यंतची घट Stock Journal मधून एकदा काढून टाका. शिवाय एक खूणही दिली. फरक सगळ्या लॉटवर विकलेल्या बॉक्सच्या प्रमाणात पसरला असेल तर तो वजनाचा. एकाच लॉटमध्ये अख्खे चार-पाच बॉक्स कमी दिसले तर मात्र उठून कोल्डमध्ये जाऊन मोजा. “पर्सनलवर या, सांगते” असं लिहिलं नाही. मन झालं होतं, खोटं कशाला सांगू.

त्या शेठनी “धन्यवाद ताई” लिहिलं, आपलं आपण दुरुस्त केलं आणि आजवर मला एक रुपयाचं काम दिलेलं नाही. पण साडेतीन महिन्यांनी तासगावहून एक फोन आला. ते गृहस्थ त्या ग्रुपमध्ये आहेत हेही मला माहीत नव्हतं, त्यांनी तिथे कधी अवाक्षर लिहिलेलं नव्हतं. म्हणाले, “ते चौदा किलो सहाशेचं तुम्हीच सांगितलं होतं न्हवं? आमच्याकडं पण तसलंच कायतर झालंय.” दोन दिवसांचं काम होतं, पुढे ते महिन्याचं झालं. माझ्या पाच नव्या गिऱ्हाइकांपैकी तीन याच जातीची: गप्प बसून वाचणारी. म्हणून आता उत्तर लिहिताना मी विचारणाऱ्यापुरतं लिहीत नाही, कोपऱ्यात बसलेल्यालाही कळेल असं लिहिते.

व्हॉट्सॲपवर जुनी उत्तरं शोधणं म्हणजे वैताग. मी माझी बरी उत्तरं स्टार करून ठेवते आणि तोच प्रश्न आला की पुन्हा पाठवते, आकडे बदलून. ब्रॉडकास्टच्या भानगडीत पडू नका. ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याच्यापर्यंत तो मेसेज पोचतच नाही, आणि ज्यानं केलाय त्याला तो कशाला हवा?

फुकटचा प्रश्न येणारच, म्हणून माझी रेघ कुठे आहे ते सांगते. शब्दांत सांगता येण्यासारखं असेल ते ग्रुपवर, पूर्ण आणि मोकळं. फाइल उघडावी लागली की ते काम. त्यातलंही पहिलं अर्ध्या तासाचं बघणं फुकट, पण त्याच मेसेजमध्ये पुढचा दर लिहिते: “फाइल पाठवा, अर्धा तास बघून काय चुकलंय ते सांगते, त्याचे पैसे नाहीत. दुरुस्त करून हवं असेल तर साधारण इतके होतील.” हे आधी लिहीत नव्हते, तेव्हा एका दादांनी सलग नऊ दिवस रात्री अकराला फोन करून सगळं वर्ष माझ्याकडून तपासून घेतलं. नंतर त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी पैसे देऊन काम दिलं आणि वर मलाच विचारलं, “त्यानं बरोबर केलंय का बघता का जरा?”

एकदा एकानं पार्ट्यांची नावं आणि जीएसटी नंबर दिसतील असा टॅलीचा फोटो ग्रुपवर टाकला. मी आधी त्यांना पर्सनलवर लिहिलं, “काका, फोटो लगेच काढा, तुमच्या पार्ट्यांची नावं, नंबर सगळ्यांना दिसतायत.” मग ग्रुपवर नावं न घेता उत्तर दिलं. तेच काका आता दुसऱ्यांना सांगतात की या बाईंकडे कागद दिला तर बाहेर जात नाही.

कराचे प्रश्न मी घेतच नाही. शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही असा खुलासा डिसेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत झाला, त्यावर ग्रुपवर चार दिवस वाद चालला होता. मला माहीत असूनही मी चहाच्या गटातल्या एका सीएंना टॅग केलं आणि बाजूला झाले. ते त्यांचं क्षेत्र. पुढच्याच महिन्यात त्यांनी त्यांच्या एका गिऱ्हाइकाचा स्टॉकचा घोळ माझ्याकडे पाठवला. चौथं काम हे.

चहाच्या बैठकीत कार्ड वाटणं बंद केलं. आता तीन-चार जणांशीच बोलते आणि “तुम्ही काय करता?” ऐवजी विचारते, “या आठवड्यात कशानं डोकं खाल्लं?” छापखानेवाले कागदाच्या भावावर बोलतात, कोल्डचे मॅनेजर वीजबिलावर. बाहेर आल्यावर गाडी सुरू करायच्या आधी फोनमध्ये नाव आणि ती एक गोष्ट टिपून ठेवते. दोन दिवसांनी त्या गोष्टीवर एखादा मेसेज जातो, माझ्या कामाचा त्यात उल्लेख नसतो. पाचवं काम असंच आलं, छापखानेवाल्यांच्या मेव्हण्याचं.

आता माझी सगळ्यात महाग चूक. जाहिरात करायची नाही हे मी इतकं मनावर घेतलं की ऑक्टोबरच्या बैठकीत एका कोल्ड स्टोअरेजच्या मालकांनी सरळ विचारलं, “मॅडम, हे तुम्ही करून देता का? किती घेता?” आणि मी म्हटलं, “बघू की, आधी तुमचं काय आहे ते समजून घेऊ.” पंधरा दिवसांनी त्यांनी दुसऱ्याला काम दिलं. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, “मला वाटलं तुम्हाला नको असेल.” विचारणाऱ्याला दर न सांगणं म्हणजे विनय नव्हे, त्याला ताटकळत ठेवणं. आता विचारलं की एका वाक्यात काम, एका वाक्यात दर, आणि गप्प बसते.

पैसे भरून सभासद व्हायच्या एका रेफरल गटातही पाहुणी म्हणून दोनदा गेले. पहाटे साडेसहाला बैठक, प्रत्येकाला एक मिनिट, आणि आठवड्याला कुणाला किती लीड दिल्या त्याची मोजदाद. मला दोन लीड मिळाल्या, दोघांनाही मी फोन का करतेय हे माहीत नव्हतं. मोठा धंदा असणाऱ्याला परवडत असेल. मला ती मोजदाद सोसली नाही.

हिशेब सांगायचा तर आठवड्याला साधारण चार तास जातात. पहिले तीन महिने एक पैसा नाही, चौथ्यात पहिलं काम. आठ महिन्यांत पाच गिऱ्हाइकं, त्यातली दोन दर महिन्याला पगारासारखे पैसे देणारी. पुढच्या महिन्याचं घरभाडं याच्यावर अवलंबून असेल तर हा रस्ता धरू नका, आधी ओळखीतली कामं मागा.

तीनपैकी एक ग्रुप सोडला. तिथे दिवसभर सुविचार आणि भाव चालायचे, प्रश्न कुणी विचारतच नसे. नव्या बेदाण्याची आवक सुरू झाल्यामुळे चहाला सध्या आठ-नऊच जण येतात. परवा तर सीए, मी आणि छापखानेवाले असे तिघंच होतो, भडंग खात साडेआठपर्यंत त्यांच्या मशीनच्या कर्जावर बोलत बसलो.