पंख्याचे खरे वॉट: प्लगचा वॉटमीटर की मीटरचा लाल दिवा?

उपकरण किती वॉट खातं हे घरच्या घरी पाहायला दोन मार्ग आहेत. एक, सॉकेट आणि पिन यांच्यामध्ये बसणारा छोटा वॉटमीटर. दुसरा, महावितरणच्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. मी दोन्ही वापरले आहेत. प्लगवाला नक्कीच सोयीचा, आकडा थेट समोर येतो. पण मला जाणून घ्यायचं होतं ते छताच्या पंख्याचं, आणि पंख्याला पिनच नसते. पाण्याच्या पंपाचंही बहुतेक घरी तेच, वायर थेट स्विचला जोडलेली. ज्या उपकरणांवर बिल खरंच चढतं त्यातली बरीचशी या यंत्राच्या आवाक्याबाहेर राहतात, आणि माझा कल तिथेच ठरला.

दिव्याच्या पद्धतीत आधी मीटरच्या दर्शनी भागावर imp/kWh पुढचा आकडा पाहा. माझ्याकडे तो 3200 आहे, म्हणजे 3200 वेळा लुकलुकलं की एक युनिट. त्यावरून हिशोब असा:

```
W = 3600000 × N / (3200 × t) = 1125 × N / t
```

N म्हणजे लुकलुक, t म्हणजे सेकंद. तुमचा आकडा वेगळा असेल तर 3200 च्या जागी तो घाला.

इथे एक मिनिट लावून लुकलुक मोजू नका. 75 वॉटचा पंखा मिनिटाला चारदाच लुकलुकतो. एक कमी-जास्त धरली गेली तर उत्तर पाव हिश्शाने चुकतं. उलट करा: दिवा लागताक्षणी घड्याळ सुरू करा, ती लुकलुक शून्य धरा आणि पाचवीला थांबवा. 75 सेकंद लागले तर 1125 × 5 / 75, म्हणजे 75 वॉट. बीएलडीसी पंख्याला त्याच पाच लुकलुकींसाठी 200 सेकंद लागले तर ते साधारण 28 वॉट.

मोजण्याआधी बाकीचे एमसीबी पाडा. फ्रिजचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू झाला तर लुकलुकीचा वेग एकदम वाढलेला दिसतो, ती मोजणी सोडून द्यायची. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होत असेल तर तोही भार यात येतो, म्हणून तोही बंद हवा.

गिझरला दिवा सेकंदाला दीड-दोनदा लुकलुकतो. डोळ्यांनी मोजणं कठीण, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घेऊन नंतर संथ करून मोजा. 20 लुकलुकींना 13.5 सेकंद लागले तर 1667 वॉट. गिझरवर 2000 लिहिलेलं असलं तरी तो बिघडलेला नसतो. 2000 हा आकडा 230 व्होल्टचा, आणि 210 व्होल्टला तोच गिझर एवढाच खेचतो.

मीटर खाली पार्किंगमध्ये असेल तर त्रास आहेच. पण वर कोणीतरी स्विच सांभाळलं की काम होतं. मला तरी हा त्रास परवडतो.

फक्त टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सचा स्टँडबाय पाहायचा असेल, तर प्लगवालाच बरा. एका वॉटला पुढची लुकलुक यायला जवळपास 19 मिनिटं लागतात.