सोमवारची मीटिंग: सगळ्यांना हिंदी की ज्याची त्याची भाषा?

मेळघाटातल्या आमच्या नऊ जणांच्या टीममध्ये कोरकू, हिंदी, मराठी चालते. रिपोर्ट मात्र इंग्रजीत. आधी सगळ्यांसाठी हिंदी ठेवली होती. मीटिंग अर्ध्या तासात आटपायची, पण कोरकू बोलणाऱ्या ताई नुसत्या ‘हो जी’ म्हणायच्या. ‘फॉलोअप’ म्हणजे फोन करणं असं समजून एकीनं घरभेटीच केल्या नाहीत. कोरकू मुंडा या वेगळ्याच भाषाकुळातली, त्यामुळे मराठी-हिंदीवरून तिचा अंदाज लागत नाही.

आता जो तो आपल्या भाषेत बोलतो, दोन-तीन वाक्यांनी थांबतो, दुभाषा सांगतो. दुभाषा दर आठवड्याला बदलतो, नाहीतर तोच साहेब होऊन बसतो! शेवटी ज्याचं काम, तो ते स्वतःच्या शब्दांत परत सांगतो. चूक तिथंच सापडते. वेळ दुप्पट लागतो. तातडीच्या निरोपाला मी अजूनही हिंदीच वापरतो.