आठ महिने रिसीव्हर वापरला, पण इन्फोचं बटण पाचव्या महिन्यात सापडलं

आमच्याकडे ५.१ चा एव्ही रिसीव्हर आहे. सेट-टॉप बॉक्स थेट रिसीव्हरला जोडलाय. स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीच्या मागे आहे आणि तिचा आवाज एआरसीच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे नेणाऱ्या एचडीएमआय केबलमधून येतो. पहिले चार महिने मी खूश होतो, कारण मागचे दोन्ही स्पीकर वाजत होते. फक्त सिनेमातले संवाद आणि पाऊस एकमेकांत मिसळल्यासारखे वाटायचे.

एकदा स्टिकवर सिनेमा चालू असताना रिसीव्हरच्या रिमोटवरचं INFO दाबलं. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर आवाजाच्या दोन ओळी आल्या. आत येणारा सिग्नल PCM 2.0 आणि बाहेर जाणारे चॅनल ५.१. म्हणजे रिसीव्हरला मिळत होता साधा स्टिरिओ, आणि तोच पसरवून तो पाच स्पीकरना देत होता. मागचा स्पीकर वाजतो म्हणून सराउंड येतोय असं धरू नका. बघायची ती आत येणाऱ्या सिग्नलची ओळ.

दोष टीव्हीत निघाला. त्याच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट PCM वर होतं आणि साध्या एआरसीवरून PCM फक्त दोन चॅनलचं जातं. ते पास-थ्रूवर नेलं, म्हणजे टीव्ही आवाज न बदलता तसाच पुढे सोडतो, तोच प्रसंग पुन्हा लावला, INFO दाबलं. आता Dolby D+ आणि 3/2/.1 दिसलं. पुढचे तीन, मागचे दोन आणि सबवूफर, असं ते वाचायचं. संवाद मधल्या स्पीकरमधून सुटे ऐकू आले, पाऊस मागे गेला. मी तो प्रसंग तीनदा बघितला. तुम्ही तपासाल तेव्हा सिनेमा चालू असू द्या. नुसत्या मेनूवर बऱ्याचदा PCM च दिसतं.

चित्राच्या ओळीवर मात्र इतका भरवसा ठेवता येत नाही. आमच्या सेट-टॉप बॉक्सवर एचडी चॅनल लावा की साधा, रिसीव्हर 1080i च दाखवतो. साधा चॅनल मुळात ५७६ ओळींचा असतो. पण बॉक्स १०८०आयवर सेट केलेला आहे, त्यामुळे तो चित्र मोठं करूनच केबलमध्ये सोडतो. रिसीव्हरला केबलमधून आलेलं तेवढंच कळतं, त्याआधी काय झालं ते नाही. स्टिकचंही तसंच. ती फोर-केवर सेट असेल, तर नेट मंदावून चित्र धुरकट झालं तरी टीव्हीच्या इन्फोत 3840x2160 तसंच राहतं. तिथे डोळ्यांवरच विश्वास ठेवायचा.

तरी आता कुठलीही केबल हलवली किंवा टीव्हीचं अपडेट आलं की मी आधी INFO दाबतो. गेल्याच महिन्यात अपडेटनंतर आउटपुट पुन्हा PCM वर गेलं होतं, ते त्याच संध्याकाळी लक्षात आलं.