आठ महिने वापरलेला जीएसटी बिलाचा एक्सेल टेम्प्लेट: दिसायला झकास, पण आकडे सगळे मधोमध

मागच्या वर्षी नेटवरून 349 रुपयांना टॅक्स इन्व्हॉइसचा एक रेडिमेड एक्सेल टेम्प्लेट घेतला होता. कोणाचा ते सांगत नाही, कारण असे शंभर आहेत आणि सगळे साधारण एकाच वळणाचे. आमचा सांगलीत छोटा मसाल्याचा धंदा आहे, हळद, मिरची, धने पावडर वगैरे, महिन्याला साधारण पन्नास बिलं निघतात, त्यातली अर्धी मी करते आणि अर्धी माझी भाची करते, तिचं कॉलेज सुटलं की. म्हणजे आठ महिन्यांत चारेकशे बिलं यावर झाली. लोगोची जागा, रंग, सहीचा चौकोन याबद्दल काही बोलत नाही, ते ठीकच आहे. मला बोलायचंय ते मधल्या टेबलाबद्दल, कारण बिल म्हणजे शेवटी तेच.

उघडल्या उघडल्या टेम्प्लेट फारच नीटनेटका दिसतो. का, तर सगळे कॉलम सेंटर अलाइन केलेत. मालाचं नाव मधे, वजन मधे, दर मधे, रक्कम पण मधे. पहिले दोन महिने मला यात काही खटकलं नाही, उलट छानच वाटलं. मग एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटचा फोन, "ताई, तुमच्या बिलावर टॅक्सेबल 18,400 आहे, मग पाच टक्क्यांनी टॅक्स 920 व्हायला पाहिजे, तुम्ही 1,077.50 कसा लावलाय?" मी म्हटलं असं होणारच नाही, एक्सेल करतंय सगळं.

बिल उघडून बसले. सात ओळी होत्या. कॅल्क्युलेटरवर बेरीज मारली तर 21,550 आली, म्हणजे 3,150 ची एक अख्खी ओळ बेरजेत नव्हतीच, आणि तिचा टॅक्स 157.50 मात्र बेरजेत होता! झालं असं होतं की भाचीने त्या ओळीत फॉर्म्युला काढून रक्कम उक्ती टाइप केली होती, कारण ते मिक्स सॅम्पलचं पार्सल ठरवून दिलेलं होतं, आणि त्याआधी शेजारच्या एचएसएनच्या सेलवरून फॉरमॅटचा ब्रश फिरवताना तो रकमेच्या सेलवर पण फिरला होता. एचएसएनचा कॉलम टेक्स्ट ठेवावाच लागतो, नाहीतर हळदीचा 0910 लिहिला की एक्सेल पुढचं शून्य गिळून 910 करतं. तर तो रकमेचा सेल टेक्स्ट झाला, त्यातला 3150 हा एक्सेलच्या लेखी आकडा नाहीच, अक्षरं. आता गंमत बघा, SUM अशा टेक्स्टकडे ढुंकून बघत नाही, पण त्याच सेलला टक्केवारीने गुणलं तर एक्सेल मुकाट्याने त्याचा आकडा करून गुणाकार देतं. म्हणून टॅक्स बरोबर आणि बेरीज चूक. एरर कुठेच नाही. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो खरा, पण एचएसएनच्या कॉलममधे ते त्रिकोण रोजचेच, त्यामुळे नजर मेलेली असते, आणि पीडीएफमधे तर तो येतच नाही.

नशिबाने त्या महिन्याचं रिटर्न भरायचं बाकी होतं, आमच्या सीएंनी ते बिल रद्द करून नवीन नंबरने दुसरं द्यायला सांगितलं, गिऱ्हाईक पण समजूतदार होतं.

पण खरी गोची कळली ती नंतर. एक्सेलमधे काहीच अलाइनमेंट दिली नाही, म्हणजे जनरल ठेवली, तर आकडा आपोआप उजवीकडे जातो आणि टेक्स्ट डावीकडे. म्हणजे ही चूक बघताक्षणी दिसली असती, सहा रकमा उजवीकडे आणि एक डावीकडे चिकटलेली. टेम्प्लेटवाल्याने सगळं मधोमध आणून तीच खूण पुसून टाकली होती. आणि हो, लोक सांगतात आकडे राइट अलाइन करा, तेही मी आधी करून बघितलं, पण मुद्दाम राइट दिलं की टेक्स्टसुद्धा उजवीकडेच जातं, म्हणजे पुन्हा तेच. त्यामुळे रकमेच्या कॉलमला अलाइनमेंट जनरलच ठेवायची, फक्त वरचं हेडिंग तेवढं राइट करायचं म्हणजे हेडिंग आणि आकडे एका रेषेत येतात. आता परत ते बिल बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते, बाकी सगळ्या रकमा 2,480.00 अशा आणि ती एकटीच 3150, ना कॉमा ना पैसे. मधोमध असल्यामुळे तेही आमच्या दोघींच्या डोळ्यांना दिसलं नाही.

शिवाय खाली एक तपासणीचा सेल टाकलाय. मालाची नावं किती आणि खरे आकडे किती, हे जुळलं नाही तर लाल अक्षरात ओरडतो. COUNT फक्त खरे आकडे मोजतं, म्हणून चालतं हे.

```
=IF(COUNT(G12:G27)=COUNTA(B12:B27),"","रक्कम तपासा")
```

यात 27 नंबरची ओळ मुद्दाम रिकामी आणि अगदी बारीक ठेवलीय, बेरजेच्या लगेच वर. कारण ओरिजिनल टेम्प्लेटमधे बेरीज G12 ते G26 होती आणि माल जास्त झाला की भाची 26 च्या खाली ओळ घालायची, ती बेरजेत कधी यायची कधी नाही. आता बारीक ओळ पण बेरजेच्या आत आहे, तिच्या वर कितीही ओळी घाला, सगळ्या बेरजेत येतात.

दुसरा वैताग एका पैशाचा. हसू नका, गिऱ्हाइकाचे अकाउंटंट एका पैशासाठी पण फोन करतात. हळद 12.500 किलो 187.30 ने, झाले 2,341.25. मिरची 7.250 किलो 312.50 ने, होतात 2,265.625. धने पावडर 4.750 किलो 156.70 ने, 744.325. टेम्प्लेट रक्कम फक्त दाखवताना दोन दशांश दाखवतो, आत पोटात तिसरा तसाच ठेवतो. म्हणजे कागदावर 2,341.25 आणि 2,265.63 आणि 744.33, याची हाताने बेरीज 5,351.21, आणि खाली छापलंय 5,351.20. समोरच्याला वाटतं ह्यांचं एक्सेल बिघडलंय. उपाय सोपा, प्रत्येक ओळीतच राउंड करायचं, मग जे दिसतं तेच बेरजेत जातं.

```
=IF(B12="","",ROUND(D12*F12,2))
=IF(G12="","",ROUND(G12*2.5%,2))
```

वरचा रकमेचा, खालचा सीजीएसटीचा, एसजीएसटीला तोच. या बिलात सीजीएसटी 58.53 अधिक 56.64 अधिक 18.61, म्हणजे 133.78, तेवढाच एसजीएसटी, एकूण 5,618.77, राउंड ऑफ 0.23, आणि देय 5,619. हे बदलल्यापासून पैशावरून एकही फोन नाही.

वजनाचा कॉलम मात्र अजून मनासारखा नाही. किलो आणि नग एकाच कॉलममधे येतात, सगळ्यांना तीन दशांश दिले तर 24.000 नग असं दिसतं, खुळ्यासारखं. मग `0.???` फॉरमॅट देऊन बघितला, त्याने पॉइंटाखाली पॉइंट मस्त येतो, पण 24 च्या पुढे एक टिंब लोंबकळत राहतं. सध्या टिंबच चालवून घेतोय. भाची सुरुवातीला त्याच सेलमधे "12.5 किलो" असं लिहायची, मग गुणाकार #VALUE!, म्हणून युनिटचा कॉलम वेगळा काढला, तो मूळ टेम्प्लेटमधे नव्हताच.

आता टोटल. ग्रँड टोटल फिक्कट केशरी पट्टीवर पांढऱ्या अक्षरात होती. स्क्रीनवर सुंदर, आमच्या काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर पट्टी राखाडी आणि अक्षरं जवळपास गायब, त्याची झेरॉक्स काढली की तर संपलंच. दुकानदार बिल हातात घेतो तेव्हा तो एकच आकडा शोधत असतो, किती द्यायचे, आणि तोच दिसत नव्हता. शिवाय तो सेल तीन कॉलम मर्ज करून मधोमध, म्हणजे टॅक्सेबल, टॅक्स, राउंड ऑफ एका रेषेत आणि शेवटची टोटल भलतीकडेच. मी मर्ज काढलं, पट्टी काढली, टोटल रकमेच्या कॉलमखालीच आणली, 14 चा बोल्ड फॉन्ट, वर एक रेघ आणि खाली दुहेरी रेघ, बास. राउंड ऑफची ओळ 9 च्या फॉन्टमधे. अक्षरी रक्कम हातानेच लिहितो, त्यात एकदा मागच्या बिलाची अक्षरी रक्कम तशीच राहून गेली होती, म्हणून आता कोऱ्या बिलात तिथे लाल अक्षरात "लिहा" असं ठेवलंय.

कॉमाचं सांगायचं राहिलं. टेम्प्लेटवर 125,000 असं यायचं, आपल्याला 1,25,000 पाहिजे. विंडोजच्या रीजनमधे इंग्लिश इंडिया केलं की साध्या कॉमा फॉरमॅटलाच लाखाचे कॉमा येतात, पण भाचीच्या लॅपटॉपवर तसं नव्हतं, म्हणून फॉरमॅट सेलमधेच हे टाकलं:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00
```

याचा एक दोष माहीत असू द्या, वजा आकड्याला लाखाचे कॉमा येत नाहीत, -150,000.00 असंच दिसतं. आमच्यात एवढी मोठी वजा रक्कम कधी येत नाही त्यामुळे चालतंय, क्रेडिट नोट मोठ्या रकमेची काढत असाल तर रीजनवालाच मार्ग धरा.

शेवटचा घोळ रुंदीचा. टेम्प्लेटमधे सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी तिघांचे दर आणि रक्कम असे सहा कॉलम कायमचे उभे, आणि कुठल्याही बिलात त्यातले दोन तरी रिकामेच, कारण महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला पहिले दोन टॅक्स लागतात आणि बाहेरच्याला फक्त तिसरा. त्या गर्दीत रकमेचा कॉलम इतका अरुंद की लाखाच्या वर गेलं की नुसते #####, आणि ते तसंच छापून येतं, प्रिंटर काही विचारत नाही. मी एका फाइलमधे दोन शीट केल्या, एक इथली आणि एक बेळगाव, हुबळीच्या गिऱ्हाइकांसाठी आयजीएसटीची. जागा मोकळी झाली, मालाचं नाव एका ओळीत मावायला लागलं. फक्त बिल नंबर दोन्ही शीटला मिळून एकाच क्रमाने जायला पाहिजे, तो भाची अजून वहीत लिहूनच पाळते, "आत्या, 212 कोणी घेतला?" असं दिवसातून एकदा तरी ओरडतेच.

टेम्प्लेट घेऊ का असं दोघा-तिघांनी विचारलं. लेआउटचे पैसे वसूल आहेत, बिलावर काय काय लागतं ते सगळं आहे, पण आकड्यांचा भाग घेतल्या दिवशी एक तास बसून बदलायची तयारी ठेवा. आणि कुठलाही टेम्प्लेट घेण्याआधी डेमो फाइल मागा, रकमेच्या एका सेलला टेक्स्ट फॉरमॅट देऊन त्यात हाताने आकडा टाका, आणि तो बेरजेतून गळला तर नजरेला कळतं का ते बघा. आमच्यात कळायला दोन महिने आणि एक परका अकाउंटंट लागला.