फोनने शेत मोजतोय सहा महिने, गुंठ्यांचा हिशोब काही जुळत नाही

सोयाबीनच्या पेरणीच्या आधी रोटाव्हेटरवाल्याशी वाद झाला म्हणून जीपीएसने शेत मोजायचं ॲप फोनवर टाकलं. तो म्हणे "भाऊ, सव्वा एकर भरतंय", सातबारावर तर ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, साडेएकोणचाळीस गुंठे. मग काय, फोन हातात घेऊन बांधाने चक्कर मारली.

पहिल्या वेळी ३६ गुंठे आले, खूश झालो. नंतर कळलं की मी बांधाच्या आतून, मीटरभर अंतर ठेवून चाललो होतो, कारण बांधावर बाभळी. शेत साधारण ४० बाय १०० मीटर आहे, चारी बाजूंनी मीटरभर आत सरकलं की ३८ बाय ९८ राहतं, म्हणजे पावणेतीन गुंठे तिथेच गेले, जीपीएसचा त्यात काही दोष नाही.

नंतर बांधावरूनच चाललो. सकाळी ३८, संध्याकाळी ४१. परिमिती मात्र दोन्ही वेळा तीनशेच्या वर, टेपने मोजली तर २८०! हे डोक्यात जायला वेळ लागला. फोन दर सेकंदाला टिंब टाकतो, ते टिंब दोनचार मीटर इकडेतिकडे उडतं, त्यामुळे रेघ नागमोडी होते आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच भरणार. क्षेत्रफळात तसं नाही होत, थोडं बाहेर गेलेलं थोडं आत आलेल्यात बरंचसं फिटतं. म्हणून तारेच्या कुंपणाची ऑर्डर ॲपच्या परिमितीवर देऊ नका, मी देणारच होतो.

आता चालत रेकॉर्ड करत नाही. कोपऱ्यावर उभं राहून टिंबाभोवतीचं निळं वर्तुळ लहान होईपर्यंत थांबायचं, अर्धा मिनिट तरी, मग तो पॉइंट टाकायचा, असे चार कोपरे. परिमिती २८३ आली. विहिरीजवळच्या कोपऱ्यावर कडुलिंब आहे, तिथे वर्तुळ लहानच होत नाही, तिथला पॉइंट मी सॅटेलाइट फोटोत बांध बघून हाताने सरकवतो.

एकदा बॅटरी सेव्हरने ॲप मध्येच बंद पाडलं आणि नकाशावर शेताच्या मधून सरळ रेघ, २९ गुंठे! फक्त आकडा बघितला असता तर कळलंच नसतं, त्यामुळे आकार आधी बघायचा.

अरुंद पट्टी असेल तर जपून. माझी दुसरी पट्टी १० बाय १०० मीटर, दहा गुंठ्यांची. लांबी तीच असल्याने चूकही तेवढीच, दोनेक गुंठ्यांची, पण एकरात दोन गुंठे चालतात, दहात दोन म्हणजे पाचवा हिस्सा गेला ना.

रोटाव्हेटरवाल्याशी एकरावर मिटलं. पण परवा चुलतभाऊ त्याच ॲपवर बांध दाखवायला आला, "दादा, तू दोन मीटर आत आलायस". मी म्हटलं, बांधावरच्या दगडावर फोन ठेव आणि पाच मिनिटं बघ. टिंब आधी माझ्या रानात होतं, मग त्याच्या, मग परत माझ्या. तो फोन खिशात घालून चहाला आला, मोजणीचा अर्ज अजून दोघांनीही केलेला नाही.