शॅप्ली आणि मार्कोव्ह सात महिने वापरून पाहिलं: आमच्या हळदीच्या दुकानाचा अनुभव

सांगलीत आमचं हळद-बेदाण्याचं दुकान आहे. यार्डातली खरेदी आणि गाळा दादा बघतो, ऑनलाइन विक्री माझ्याकडे. ग्राहक आमच्याकडे तीन वाटांनी येतो. इन्स्टाग्रामवरची जाहिरात, गूगल सर्चवरची जाहिरात आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज. भांडणही याच तिघांवरून सुरू झालं. महिन्याचा रिपोर्ट बघून दादा म्हणाला, "तायडे, इन्स्टाच्या नावावर शून्य हाय की. मग दर महिन्याला पैसे कशाला घालतीस?"

रिपोर्ट लास्ट क्लिकचा होता. म्हणजे ऑर्डरच्या आधी ज्या जाहिरातीवर शेवटचं बोट पडलं, सगळं श्रेय तिचं. इन्स्टावर रील बघून कुणी लगेच दोन किलो हळद मागवत नाही. ते नाव लक्षात ठेवतात, चार दिवसांनी गूगलवर शोधतात. मला हे समजत होतं, पण दादाला आकडा हवा होता. म्हणून ऑर्डरींचं श्रेय जाहिरातींमध्ये वाटून देणारी शॅप्ली आणि मार्कोव्ह ही दोन मॉडेलं घेतली. त्यांनी काय दिलं आणि कुठे फसवलं, ते लिहिते.

खरा डेटा मोठा आणि विस्कळीत आहे, म्हणून समजायला सोपं असं एक छोटं उदाहरण बनवलं. शंभर माणसं, तीस ऑर्डरी. I म्हणजे इन्स्टा, G गूगल, W व्हॉट्सॲप. पहिल्या रकान्यात माणूस ज्या क्रमाने आला ती वाट, मधल्यात ऑर्डरी, शेवटच्या रकान्यात ऑर्डर न देता गेलेली माणसं.

```
path,orders,nulls
I > G,10,10
I,0,50
G,5,5
G > W,7,3
I > G > W,8,2
```

लास्ट क्लिकचा हिशोब बोटांवर होतो. गूगल १५, व्हॉट्सॲप १५, इन्स्टा शून्य. दादाचा रिपोर्ट हुबेहूब असाच होता.

आधी शॅप्ली घेतलं. लॉइड शॅप्ली यांनी १९५३ साली हा विचार खेळांच्या गणितात मांडला. अनेकांनी मिळून काही कमावलं तर कुणाचा वाटा किती, हा त्यातला प्रश्न. तिन्ही चॅनेल एकेक करून दुकानात शिरतायत असं समजा. शिरण्याचे क्रम सहा होतात. प्रत्येक क्रमात, इन्स्टा आत आल्यावर किती ऑर्डरी वाढल्या ते मोजायचं आणि सहांची सरासरी काढायची.

त्यासाठी आधी ठरवावं लागतं की अमुक चॅनेल हजर असताना किती ऑर्डरी शक्य आहेत. मी सोपा नियम घेतला: ज्या ऑर्डरींच्या वाटेवर फक्त हजर चॅनेलच लागतात, त्या मोजायच्या. एकटं गूगल असेल तर ५. गूगल आणि इन्स्टा असतील तर १५. गूगल आणि व्हॉट्सॲप असतील तर १२. तिन्ही असतील तर ३०. गूगल नसेल तर शून्य, कारण आमच्या उदाहरणात त्याच्याशिवाय एकही ऑर्डर झालेली नाही.

आता इन्स्टाकडे बघा. गूगलच्या आधी आला तर तो काहीच वाढवत नाही. असे क्रम तीन. गूगल, मग इन्स्टा, मग व्हॉट्सॲप असा क्रम असेल तर ५ चे १५ होतात, म्हणजे १० वाढल्या. सगळ्यात शेवटी आला तर १२ चे ३० होतात, म्हणजे १८. असे क्रम दोन. एकूण ४६, भागिले ६, म्हणजे ७.६७ ऑर्डरी. याच रीतीने गूगलला १६.१७ आणि व्हॉट्सॲपला ६.१७ मिळतात. शून्यावरून साडेसात! मी खूश, दादा गप्प.

दोन महिने आम्ही याच आकड्यांवर बजेट लावलं. मग एका रात्री सहज म्हणून मी प्रत्येक ऑर्डर तिच्या वाटेवरच्या चॅनेलांत समान वाटून पाहिली. दोन चॅनेल असतील तर अर्धी-अर्धी, तीन असतील तर तिसरा हिस्सा. उत्तर आलं ७.६७, १६.१७, ६.१७. दशांशापर्यंत तेच. आधी वाटलं माझंच काहीतरी चुकलं. चुकलं नव्हतं. ऑर्डरी मोजायचा माझा नियम असला की शॅप्लीचं उत्तर नेहमी समान वाटणीच येतं, गणितानेच तसं ठरतं. म्हणजे नोबेल मिळालेल्या माणसाचं नाव लावून आम्ही शाळेतल्या पोरानेही केली असती अशी वाटणी करत होतो. तुम्ही विकत घेतलेल्या टूलमध्ये "शॅप्ली" लिहिलं असेल तर ही तपासणी आधी करा, दहा मिनिटांचं काम आहे.

मग नियम बदलला. ऑर्डरींच्या संख्येऐवजी दर घेतला: त्या वाटेवरच्या शंभरातल्या किती जणांनी खरेदी केली. एकटं गूगल ५० टक्के, इन्स्टा-गूगलही ५०, गूगल-व्हॉट्सॲप ७०, तिन्ही मिळून ८०. एकट्या इन्स्टाचा दर शून्य आहेच, कारण पन्नासातल्या एकानेही घेतलं नाही. एकटं व्हॉट्सॲप, किंवा इन्स्टा आणि व्हॉट्सॲप अशी जोडी, अशी माणसं डेटात नव्हतीच. तिथे शून्य धरलं. हेही गृहीतकच, आणि चॅनेल वाढले की अशी रिकामी घरं झपाट्याने वाढतात. दहा चॅनेल असतील तर त्यांचे लहान-मोठे गट हजाराच्या वर जातात. या दरांवर हिशोब केला आणि तीस ऑर्डरी त्या प्रमाणात वाटल्या तर गूगलला २३.७५, व्हॉट्सॲपला ५ आणि इन्स्टाला फक्त १.२५.

पद्धत तीच, डेटा तोच, तरी इन्स्टा साडेसातवरून सव्वावर. कारण प्रश्न बदलला. दर विचारतो की गूगलपर्यंत पोचलेल्या माणसाला इन्स्टाने किती ढकललं. गूगलवरून आलेल्यांतले अर्धे तसेही घेतातच, इन्स्टा बघितलेला असो वा नसो. पण गूगलपर्यंत माणसं आणून सोडण्याचं इन्स्टाचं काम या प्रश्नात दिसतच नाही. आमच्या ५० गूगल भेटींतल्या ३० इन्स्टावरून आल्या होत्या.

तिथे मार्कोव्ह कामाला येतं. माणूस एका चॅनेलवरून दुसऱ्यावर किती शक्यतेने जातो, एवढंच ते बघतं. सुरुवातीला शंभरातले ८० इन्स्टावर, २० गूगलवर. इन्स्टावरच्या ८० मधले ३० गूगलकडे गेले, ५० सोडून गेले. गूगलवरच्या ५० मधले १५ थेट ऑर्डर देतात, २० व्हॉट्सॲपकडे जातात, १५ जातात ते जातातच. व्हॉट्सॲपवरचे २० पैकी १५ ऑर्डर देतात. या जाळ्यातून चालत गेलं तर शंभरातल्या तिसांची ऑर्डर, बरोबर.

मग एक चॅनेल काढून टाकायचा. तिकडे जाणारी सगळी माणसं गेलीच असं धरायचं आणि किती ऑर्डरी बुडाल्या ते बघायचं. इन्स्टा काढला तर फक्त थेट गूगलवर येणारे २० उरतात, त्यातून १२ ऑर्डरी. म्हणजे ६० टक्के बुडाल्या. व्हॉट्सॲप काढलं तर १५ उरतात, म्हणजे ५० टक्के. गूगल काढलं तर सगळंच संपलं, १०० टक्के. या तिघांची बेरीज २१० होते. त्या प्रमाणात तीस वाटल्या तर इन्स्टा ८.५७, गूगल १४.२९, व्हॉट्सॲप ७.१४.

मी आर या प्रोग्रॅमिंग भाषेतलं ChannelAttribution हे पॅकेज वापरते. वरचीच फाइल `paths.csv` म्हणून ठेवा आणि एवढं चालवा:

```
library(ChannelAttribution)
d <- read.csv("paths.csv")
markov_model(d, "path", "orders", var_null="nulls", order=1)
```

ते आतून सिम्युलेशन करतं, त्यामुळे दशांशात थोडा फरक दिसला तर घाबरू नका. `order=1` म्हणजे मॉडेलला फक्त आत्ताचं ठिकाण माहीत असतं, आधीचं नाही. आमच्या उदाहरणात गूगलवरून व्हॉट्सॲपकडे गेलेल्यांतले ७० टक्के घेतात, पण इन्स्टा बघून मग त्या वाटेने आलेल्यांतले ८० टक्के. मॉडेल दोघांना ७५ धरून एकत्र करतं. दोन पावलं मागचं बघायला `order=2` आहे. आमच्यासारख्या छोट्या दुकानाकडे तेवढ्या ऑर्डरी नसतात, मी करून पाहिलं तर दर महिन्याला आकडे उड्या मारायला लागले.

तिन्ही उत्तरांत लास्ट क्लिकच्या शून्यापेक्षा इन्स्टाला काहीतरी मिळतं. त्याहून पुढचा विश्वास मात्र पाचव्या महिन्यात हलला.

आमच्या गूगल जाहिरातींपैकी बऱ्याचशा दुकानाच्या नावावर लागतात. माणूस आमचंच नाव टाइप करतो आणि वर आमचीच जाहिरात येते. मार्कोव्ह गूगलला शंभर टक्के महत्त्व देत होतं, म्हणून मी तिला हात लावत नव्हते. दादानेच हट्ट केला, "दोन आठवडे बंद कर, बघू तर." बंद केली. ऑर्डरी जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. लोकांनी खालच्या फुकटच्या लिंकवर क्लिक केलं. ईबेने मोठ्या प्रमाणावर असाच प्रयोग केला होता आणि त्यांनाही हेच दिसलं होतं.

मॉडेलने गणितात चूक केली नव्हती. चॅनेल काढला की माणूस गायब होतो हे त्याचं गृहीतक आहे. आमचं नाव माहीत असलेला माणूस गायब होत नाही, तो दुसऱ्या दारातून येतो. कुठलंही मॉडेल हे आपल्या आपण सांगत नाही, बंद करूनच बघावं लागतं.

आणखी एक भोक आहे, ते भरता आलेलं नाही. आमची बरीच ऑर्डर फोनवर येते. "ताई, मागच्यासारखी तीन किलो पाठवा" म्हणणाऱ्याने इन्स्टा बघितला की नाही, ते फाइलमध्ये येत नाही. रील नुसतं बघून पुढे गेलेलेही येत नाहीत, कारण आम्ही फक्त क्लिक पकडतो. आता फोनवर विचारते, "आमचं नाव कुठे कळलं?" आणि वहीत लिहिते. निम्मे लोक म्हणतात, "ते काय, लक्षात नाही बघा."

सध्या गूगलचे मी दोन भाग केलेत: नावाने शोधणारे वेगळे, "सांगली हळद" शोधणारे वेगळे. मार्कोव्ह आणि दरांवरचा शॅप्ली दोन्ही महिन्यातून एकदा चालवते. मार्कोव्ह इन्स्टाला जास्त आणि शॅप्ली कमी देत असेल तर ते चॅनेल माणसं आणतंय पण त्यांना खरेदीकडे ढकलत नाही, असं समजते आणि रील बदलून बघते. नावाच्या जाहिरातीतून वाचलेले पैसे बेदाण्यांच्या नव्या जाहिरातीला लावलेत. दादा म्हणतो, तीही दोन आठवडे बंद करून बघायची. मी म्हणाले, दिवाळीनंतर करू.