आयनायझेशन एनर्जीचे खड्डे: 'हाफ-फिल्ड स्टेबल' सांगायचं की रिपल्शन?

अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा म्हणजे आयनायझेशन एनर्जी, ती पिरियडमध्ये डावीकडून उजवीकडं वाढत जाते, पण मध्येच दोन ठिकाणी घसरते. हे दोन खड्डे पोरांना दोन पद्धतीनं समजावता येतात. एक, 'भरलेलं किंवा अर्धं भरलेलं सबशेल स्टेबल असतं'. दुसरी, निघणारा इलेक्ट्रॉन कुठल्या सबशेलमधला आहे आणि त्याला जोडीदार ढकलतोय का ते बघायचं. सात रस्त्याजवळच्या क्लासमध्ये मी बरीच वर्षं पहिलीच शिकवली, एका ओळीत संपते, परीक्षेत मार्कही मिळतात.

बेरिलियम ९००, बोरॉन ८०१ किलोज्यूल प्रति मोल, हा पहिला खड्डा. बोरॉनचा इलेक्ट्रॉन 2p मधनं निघतो, 2p मुळातच 2s पेक्षा वर, त्यात 2s चे दोघं न्यूक्लियसची ओढ थोडी अडवतात, म्हणून तो स्वस्तात सुटतो. इथं दोन्ही पद्धतींनी काम भागतं.

खरी अडचण दुसऱ्या खड्ड्यात. अकरावीतल्या एका पोरीनं ग्राफ पेपरवर बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२ मांडले आणि पट्टी ठेवली तर तिन्ही ठिपके जवळपास एका रेषेत. पुढं ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१, निऑन २०८१, ही पण रेषच, फक्त अख्खी खाली सरकलेली. ती म्हणाली, "सर, नायट्रोजन स्पेशल असता तर तो एकटाच वर उचलला असता की, तो तर रेषेत आहे, खाली हे तिघं गेलेत." मला तिथंच पटलं.

रिपल्शननं हे सरळ सुटतं. नायट्रोजनपर्यंत तिघं वेगवेगळ्या p ऑर्बिटलमध्ये, ऑक्सिजनच्या चौथ्याला कुणाच्या तरी जोडीला बसावंच लागतं, एकाच जागेत दोघं म्हणजे ढकलाढकली, मग एक लवकर सुटतो. फ्लोरिन आणि निऑनमधूनही जोडीतलाच निघतो म्हणून तीही खाली. पहिली रेष पुढं ओढली तर ऑक्सिजन १७०० च्या आसपास यायला हवा होता, आलाय जवळपास ४०० नी कमी.

ग्रुपमध्ये खाली जाऊन पण बघा. फॉस्फरस १०१२, सल्फर १०००, खड्डा जेमतेम १२ चा. अँटिमनी ८३४ आणि टेल्युरियम ८६९, म्हणजे खड्डाच नाही, आणि अँटिमनी तर 5p³, हाफ-फिल्डच! ऑर्बिटल मोठं झालं की जोडीतल्यांना जागा मिळते, ढकलणं कमी होतं, हे रिपल्शनवाल्याला सांगता येतं, हाफ-फिल्डवाल्याला अवघड जातं.

आता नुसतं रिपल्शन म्हणजे सगळं आलं असं मी म्हणणार नाही. सारख्या स्पिनच्या इलेक्ट्रॉनांना एक्सचेंज एनर्जीचा फायदा मिळतो, म्हणजे त्यांची ऊर्जा थोडी खाली येते, ऑक्सिजनच्या उलट्या स्पिनच्या चौथ्याला बाकीच्या तीन p इलेक्ट्रॉनांकडून तो मिळत नाही, घसरणीत त्याचाही वाटा आहे. हाफ-फिल्डच्या बाजूनं बोलायचं तर हेच बोलावं, पण मग 'स्टेबल' शब्द न वापरता एक्सचेंज म्हणावं असं मला वाटतं. मी तरी हल्ली आधी पोरांच्या हातात पट्टी देतो आणि 'निघाला तो जोडीतला का एकटा?' एवढंच विचारतो.